पायऱ्यांऐवजी तक्ता

लॉंड्रीतल्या मोठ्या वॉशिंग मशीनचा कार्यक्रम पीएलसीवर लॅडर पद्धतीने लिहिला, की प्रत्येक टप्पा सुरू करायला एक ओळ आणि मागचा बंद करायला आणखी एक. ॲलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० मध्ये हेच काम SQO ही एक सूचना तक्ता वाचून करते.

```
B3:10  00000  आरंभ
B3:11  00001  पाणी
B3:12  00010  सुलट फेरा
B3:13  00100  उलट फेरा
B3:14  01000  निचरा
B3:15  11000  निचरा + स्पिन
```

उजवीकडून पहिला आकडा पाण्याच्या झडपेचा, पाचवा स्पिनचा. मास्क `001Fh` ठेवला की हे पाचच आउटपुट बदलतात, दाराच्या कुलुपाला धक्का लागत नाही. टायमर संपला की SQO ची अट चालू होते आणि तक्ता एक घर पुढे सरकतो. अट चालूच राहिली तर मात्र मशीन त्याच टप्प्यावर अडकते. पुढे जायला ती आधी बंद व्हावी लागते.

खरी गोम लांबीत आहे. ओळी सहा, पण `Length` पाच, कारण शून्यावं घर मोजत नाहीत. शेवटच्या घरानंतर SQO शून्यावर नव्हे, पहिल्या घरावर परततं. म्हणजे स्पिन संपताच पुन्हा पाणी! सलग फेऱ्यांना हे सोयीचं. कपडे काढायला थांबायचं असेल, तर शेवटी आणखी एक शून्यांची ओळ घालून लांबी सहा करावी आणि तिथून पुढची अट स्टार्ट बटणावर ठेवावी.