वीस तारखेची मुलाखत

पुण्यातल्या एका कंपनीत हिशेब सांभाळणाऱ्या मुलीला दुसरीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं: मंगळवार, 20 तारीख, दुपारी तीन. नेमकी त्याच दिवशी मासिक जीएसटीच्या ३बी विवरणपत्राची मुदत संपते. शेवटच्या दिवशी पोर्टल रखडतं, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक. तिने रविवारी रात्रीच, आलेल्या मेललाच उत्तर दिलं:

‘मुलाखतीसाठी बोलावल्याबद्दल आभार. 20 तारखेला सध्याच्या कामातली एक वैधानिक मुदत असल्याने तीन वाजता वेळ देता येणार नाही. गुरुवारी 22 ला सकाळी साडेनऊ किंवा शुक्रवारी 23 ला संध्याकाळी सहानंतर जमेल का? गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

एवढंच. ‘पुढच्या आठवड्यात कधीही’ असं लिहिलं असतं, तर भरती करणाऱ्याला पुन्हा विचारावं लागलं असतं. त्याला मुलाखत घेणाऱ्या दोन-तीन जणांच्या वेळा जुळवायच्या असतात. ठोस दोन वेळा दिल्या की तो तेवढ्याच तपासतो. कारणही एका ओळीत पुरतं. ग्राहकाचं नाव, साहेबांचा जाच वगैरे लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं, उद्या ही आमचंही बाहेर सांगेल.

मेल अर्थातच स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या फोनवरून; ऑफिसच्या लॅपटॉपवरून नव्हे.

सोमवारी दुपारपर्यंत उत्तर नाही, म्हणून तिने फोन केला. गुरुवार ठरला. पण कॅलेंडरमधलं मंगळवारचं निमंत्रण तसंच होतं. ते बदलून घेतलं नसतं, तर मंगळवारी तीनला मुलाखत घेणारे रिकाम्या पडद्यासमोर बसले असते.