खेळ अडखळतो तेव्हा

गेम सुरळीत चालू असतो आणि ऐन मोक्याच्या क्षणी पडदा क्षणभर गोठतो. कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा मात्र साठच्या आसपासच असतो. हा आकडा सरासरीचा असल्यामुळे तो फसवतो. सेकंदाला 60 चित्रं दाखवायची तर प्रत्येक चित्राला जेमतेम 17 मिलिसेकंद मिळतात. एखाद्याच चित्राला 100 मिलिसेकंद लागले, तर सरासरी फारशी हलत नाही, पण डोळ्यांना झटका जाणवतो.

8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर असे झटके बहुधा मेमरी कमी पडल्याने येतात. विंडोज, मागे उघडा राहिलेला ब्राउझर, चॅटचं ॲप आणि दोन-तीन गेम लाँचर मिळून पाच जीबी सहज व्यापतात. गेमला चार लागले की उरलेली सोय विंडोज डिस्कवर करतं, आणि डिस्क रॅमपेक्षा फारच मंद असते. गेम चालू असताना Ctrl + Shift + Esc दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल आणि झटक्याबरोबर डिस्कचा आलेख उसळत असेल, तर दोष इथेच आहे.

मग घड्याळाशेजारचा छोटा बाण दाबून पाहा. फुलीवर क्लिक करून ‘बंद’ केलेली कितीतरी ॲप्स तिथे जिवंत सापडतात. त्यांच्या चिन्हावर उजवं क्लिक करून Quit किंवा Exit निवडलं, तरच ती खरोखर बंद होतात. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारी ॲप्स टास्क मॅनेजरच्या Startup apps मध्ये थांबवता येतात. तिथल्या Startup impact वर मात्र फार विसंबू नका. त्यातून फक्त संगणक सुरू होतानाचा भार कळतो. Low लिहिलेलं ॲपही दिवसभर मेमरी अडवून बसू शकतं. टचपॅड, आवाज आणि अँटिव्हायरस यांच्या नोंदींना हात लावू नये.

ओव्हरलेची गोष्ट वेगळी. स्टीम किंवा डिस्कॉर्डचा ओव्हरले गेमच्या चित्रावर स्वतःची खिडकी रंगवतो. त्यासाठी तो गेमच्या चित्र दाखवण्याच्या प्रक्रियेतच शिरतो. एकाचा भार सहसा जाणवत नाही, पण तीन-चार एकाच वेळी शिरले की झटके येतात, कधी गेमच बंद पडतो. याहून जड असतं ते मागे सतत चालणारं रेकॉर्डिंग. विंडोज 11 मध्ये Settings > Gaming > Captures इथलं Record what happened बंद ठेवावं.

हे सगळं एकदम बंद केलं, तर नेमका दोष कोणाचा होता ते कळत नाही. म्हणून गेममधली एकच जागा ठरवा, दर वेळी एकच गोष्ट बंद करा आणि त्याच वाटेने पुन्हा खेळून पाहा. पण ग्राफिक्स कार्डच आधीपासून सतत 98-99 टक्क्यांवर असेल आणि मेमरी मोकळी असेल, तर मागची ॲप्स बंद करून फारसं हाती लागत नाही. तिथे गेममधल्या सावल्या आणि रिझोल्यूशन कमी करावं लागतं.