सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही तेव्हा

3 सप्टेंबर 2025 च्या रात्री जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे मोडीत काढायचं ठरलं आणि 22 तारखेपासून नवे दर लागू झाले. काय किती स्वस्त झालं याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. मधल्या अडीच आठवड्यांत बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं काय करायचं, हा प्रश्न मात्र व्यापाऱ्यांच्या गल्ल्यापुरताच राहिला. बाजारातलं तयार पॅकेज वापरणाऱ्यांना अपडेट मिळतं. ज्यांनी दोन-तीन माणसांच्या छोट्या फर्मकडून खास आपल्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर बनवून घेतलं आहे, त्यांची सगळी मदार त्या दोन-तीन माणसांवर असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. कोल्हापुरातला एक वितरक तूप, लोणी, आइस्क्रीम विकतो. तूप-लोणी 12 वरून 5 टक्क्यांवर आलं, आइस्क्रीम 18 वरून 5 वर. वरवर पाहता काम सोपं आहे, आयटम मास्टर उघडून 12 च्या जागी 5 टाकायचे. तसं केलं आणि नवी बिलं बरोबर निघू लागली. दोन दिवसांनी एका दुकानदाराने ऑगस्टमधल्या बिलाची दुसरी प्रत मागितली. 600 रुपये मूळ किमतीचा तुपाचा डबा तेव्हा करासह 672 रुपयांना गेला होता, पण छापून आले 630. कारण या प्रोग्रॅममध्ये बिलासोबत कराचा दर साठवलेलाच नाही. प्रत्येक वेळी तो मास्टरमधून उचलला जातो. तोच डबा परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने, म्हणजे 12 टक्क्यांनी निघायला हवी, पण तीही 5 ने निघते.

दुरुस्ती अवघड नाही. प्रत्येक दराला ‘कधीपासून’ अशी तारीख जोडायची आणि बिलाच्या, आणि क्रेडिट नोट असेल तर मूळ बिलाच्या, तारखेप्रमाणे दर उचलायचा. जाणत्या प्रोग्रॅमरचं हे थोड्या दिवसांचं काम. मात्र त्यासाठी सोर्स कोड हवा. वितरकाकडे आहे ती फक्त exe फाइल, आणि ती चालवता येते, बदलता येत नाही.

इथे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘पैसे मोजलेत, सॉफ्टवेअर आमचंच आहे.’ कायदा तसं मानत नाही. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमचा कॉपीराइट मालकाचा असतो, पण बाहेरच्या फर्मने लिहिलेल्याचा त्या फर्मचाच राहतो. तो आपल्याकडे घ्यायचा तर लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. नुसता वापराचा परवाना घेतला आणि त्यात मुदत लिहायची राहिली, तर कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो. दहा-दहा वर्षं चाललेल्या किती सॉफ्टवेअरच्या फायलीत कोटेशन आणि बिलापलीकडे एक कागद नसतो, हे आपल्या सीएला विचारून पाहा.

दुसरा कागद म्हणजे एएमसीचा. त्यात ‘मेंटेनन्स’ एवढाच शब्द असतो. बिल अडकलं तर सोडवून देणं त्यात येतं, याबद्दल वाद नाही. सरकारने दर बदलले तर ते काम एएमसीत धरायचं की वेगळे पैसे द्यायचे, यावर सप्टेंबरात बऱ्याच ठिकाणी वाजलं असणार. माझं मत सॉफ्टवेअरवाल्याच्या बाजूचं आहे. वर्षाला ठरलेल्या रकमेत त्याने सरकारच्या प्रत्येक निर्णयाची जोखीम का उचलावी? कायदेशीर बदलांचा दर वेगळा ठरवा, पण ‘नियम लागू होण्याच्या आधी इतके दिवस’ अशी तारीखही त्याच्याकडून लिहून घ्या.

सोर्स कोड हाती नसण्यावरचा एक उपाय म्हणजे एस्क्रो. कल्पना साधी आहे. सॉफ्टवेअरवाला आपला सोर्स कोड तिसऱ्याकडे ठेवतो आणि करारात ठरलेली घटना घडली तरच तो ग्राहकाला मिळतो. कोड हेच त्या फर्मचं भांडवल असल्यामुळे ग्राहकाच्या हाती तो देण्याची तिची भीती खोटी नाही, आणि म्हणून ही मधली वाट निघाली. रिझर्व्ह बँकेने तर नोव्हेंबर 2023 च्या निर्देशांत, जे 1 एप्रिल 2024 पासून लागू आहेत, व्यापारी बँका आणि मोठ्या वित्तसंस्थांना सांगितलं आहे की महत्त्वाच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड व्हेंडरकडून घ्या. शक्य नसेल तर एस्क्रो किंवा तशी दुसरी व्यवस्था करा, आणि नंतरच्या दुरुस्त्याही त्यात जमा होतील असं बघा.

एस्क्रो कराराचे मसुदे आता छोट्या व्यापाऱ्यांपर्यंत पोचू लागले की खरी गंमत सुरू होते. नमुन्याच्या करारात कोड मिळण्याची पहिली अट असते, ‘व्हेंडरची दिवाळखोरी’. मोठ्या कंपनीसाठी ती योग्य आहे. पण आपला सॉफ्टवेअरवाला बहुधा प्रोप्रायटर किंवा दोघांची भागीदारी असतो, आणि 2016 च्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्ती व भागीदारी फर्मसाठीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू झाला आहे. उरतो तो 1920 चा जुना नादारीचा कायदा. त्याखाली कोर्टात जाऊन स्वतःला नादार ठरवून घेणारा प्रोग्रॅमर माझ्या तरी ऐकिवात नाही. तो नोकरी धरतो, बेंगळुरूला जातो, आजारी पडतो. कराराची अट कधी लागूच होत नाही आणि कोड जिथे आहे तिथेच राहतो.

मृत्यूचा विषय काढायला सगळ्यांना अवघड वाटतं, म्हणून तो करारातून वगळला जातो. दोनच भागीदारांची फर्म एकाच्या मृत्यूने विसर्जित होते. प्रोप्रायटर गेला तर कॉपीराइट वारसांकडे जातो. म्हणजे परवानगी मागायची त्याच्या घरच्यांकडे, ज्यांना लॅपटॉपचा पासवर्डही ठाऊक नसतो. तेव्हा अटी डोळ्यांना दिसतील अशा लिहाव्यात. बिलिंग बंद पडल्याची लेखी तक्रार गेल्यावर ठरलेल्या दिवसांत उत्तर नाही, कायदेशीर बदल तारखेपर्यंत झाला नाही, मालकाचा मृत्यू झाला किंवा तो काम करण्याच्या स्थितीत नाही. सोबत एवढंही हवं की मिळालेला कोड फक्त स्वतःच्या वापरापुरता दुरुस्त करायचा, विकायचा नाही.

आणि समजा, कोड मिळाला. आपल्या वितरकाचं सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक 6 मधलं आहे असं धरू. अशी अजून बरीच चालू आहेत, जरी ती लिहिण्याच्या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने 2008 मध्येच थांबवला. नवा प्रोग्रॅमर कोडची सीडी उघडतो, प्रोजेक्ट लोड करतो आणि पहिलाच संदेश येतो की एक .ocx फाइल सापडत नाही. ती बिलाच्या तक्त्यासाठी बाहेरून विकत घेतलेल्या कंट्रोलची असते आणि तिचा परवाना जुन्या मशीनवर राहिलेला असतो. ती मिळवली तर रिपोर्टच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नाही. डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजर सीडीवर नसतातच, कारण त्या फक्त सर्व्हरवर बदलल्या गेल्या. जमा केलेला कोड तीन वर्षांपूर्वीचा असल्याचं सर्वांत शेवटी कळतं.

म्हणून एस्क्रोपेक्षा माझा भर चाचणीवर आहे. कोऱ्या कॉम्प्युटरवर, सॉफ्टवेअरवाल्याने हात न लावता, तिसऱ्या माणसाने फक्त जमा केलेल्या वस्तूंवरून exe तयार करून दाखवायची. मग तिच्यावर डेटाची प्रत चढवून एक जुनं बिल, एक नवं बिल आणि एक क्रेडिट नोट काढायची आणि चालू सॉफ्टवेअरशी आकडे ताडून पाहायचे. दोन exe तंतोतंत सारख्या निघणार नाहीत, कारण बनवल्याची वेळही त्यांत नोंदली जाते. जुळायला हवेत ते आकडे. अडेल तिथे काय कमी आहे ते लिहून घ्यायचं आणि ते जमा करून घ्यायचं. एस्क्रो एजंटचा खर्च झेपत नसेल तर वकील किंवा सीएकडे सीलबंद ड्राइव्ह ठेवूनही हे जमतं, करार मात्र तिघांचा हवा.

मार्चअखेर एएमसीच्या नूतनीकरणाचं बिल येईल. चेक लिहिण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला एक दिवस मागा, त्या दिवसाचे पैसे वेगळे द्या आणि ही चाचणी करून घ्या.