बोलिंजर आकुंचन

बोलिंजर आकुंचन (बोलिंजर स्क्वीझ) ही शेअर बाजाराच्या तांत्रिक विश्लेषणातील एक पद्धत आहे. अमेरिकन विश्लेषक जॉन बोलिंजर यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेल्या बोलिंजर पट्ट्यांवर ती आधारलेली आहे. भावातील चढउतार दीर्घकाळ एकसारखे राहत नाहीत. शांत काळानंतर बहुधा मोठी हालचाल होते, हे या पद्धतीचे गृहीतक आहे.

== पट्ट्यांची रुंदी ==
मधली रेषा ही २० दिवसांच्या बंद भावांची सरासरी असते. तिच्यात प्रमाण विचलनाची दुप्पट मिळवून वरचा आणि वजा करून खालचा पट्टा मिळतो. दोन्ही पट्ट्यांतील अंतराला मधल्या रेषेने भागले असता रुंदी मिळते. ती सहा महिन्यांतील नीचांकावर आल्यास आकुंचन झाले असे मानतात. ही तुलना त्याच शेअरच्या पूर्वीच्या रुंदीशी करावी लागते, कारण प्रत्येक शेअरचा स्वभाव वेगळा असतो.

== व्यवहाराचे नियम ==
आकुंचनावरून भाव कोणत्या दिशेने जाईल हे कळत नाही. म्हणून भाव पट्ट्याबाहेर बंद होण्याची वाट पाहिली जाते. वरच्या पट्ट्यावर बंद भाव मिळाल्यास दुसऱ्या दिवशी खरेदी करतात. तोटामर्यादा (स्टॉप लॉस) मधल्या रेषेवर ठेवतात. लक्ष्यासाठी प्रति शेअर जोखमीच्या दुप्पट नफा हे एक प्रचलित प्रमाण आहे. विक्रीसाठी हेच नियम उलट लागू होतात.

== उदाहरण ==
एका काल्पनिक शेअरची सरासरी ५०० रुपये आणि प्रमाण विचलन ५ रुपये आहे. पट्टे ५१० व ४९० वर येतात आणि रुंदी ४ टक्के भरते. ही सहा महिन्यांतील सर्वांत कमी रुंदी आहे. पुढे भाव ५१४ वर बंद होतो. त्या दिवसाचा भाव धरून सरासरी सुमारे ५०१ आणि वरचा पट्टा सुमारे ५१२ होतो, म्हणजे भाव अद्याप पट्ट्याबाहेरच आहे. दुसऱ्या दिवशी ५१५ ला खरेदी केल्यास तोटामर्यादा ५०१, जोखीम १४ आणि लक्ष्य ५४३ रुपये ठरते. १ लाख रुपयांच्या भांडवलावर १ टक्का, म्हणजे १,००० रुपयेच धोक्यात घालायचे असल्यास ७१ शेअर घेता येतात.

== मर्यादा ==
भाव एका दिशेने पट्टा ओलांडून लगेच उलट फिरण्याला बोलिंजर यांनी 'हेड फेक' म्हटले आहे. खऱ्या हालचालीत चढउतार वाढल्यामुळे भाव वर जात असताना खालचा पट्टा खाली वळतो आणि रुंदी वाढते. रुंदी वाढत नसेल व भाव एकदोन दिवसांत पट्ट्यांच्या आत बंद झाला, तर संकेत फसल्याचे समजतात. बाजार उघडतानाच भाव तोटामर्यादेच्या खाली गेला, तर प्रत्यक्ष तोटा ठरवलेल्या रकमेपेक्षा अधिक होतो. या धोक्यावर या नियमांत उपाय नाही.