बंद लिफ्टचे किती तास मोजायचे?

दोन लिफ्ट असलेल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचा देखभाल करार सहज वीस-पंचवीस पानांचा होतो. कमिटी त्यातली दोनच पाने नीट वाचते, रकमेचे आणि सह्यांचे. लिफ्ट बंद पडल्यावर मग कळते, की मेकॅनिक किती वेळात यायला हवा हे एका कलमात आहे, वेळ कशी मोजायची हे व्याख्यांमध्ये आहे आणि दंड शेवटच्या परिशिष्टात. ही विखुरलेली माहिती एका ओळीत आणणारा जबाबदाऱ्यांचा तक्ता साध्या एक्सेलमध्येही करता येतो.

आधी कर्तव्ये वेचायची. करार इंग्रजीत असेल तर ‘शॅल’, ‘मस्ट’, ‘अंडरटेक्स’ हे शब्द दिसतील तिथे खूण करायची. ‘मे’ असेल तिथे बहुधा कर्तव्य नसून अधिकार असतो. एका वाक्यात अनेक कर्तव्ये दडलेली असतात, ती सुटी करावी लागतात. ‘तक्रार नोंदल्यावर 2 तासांत मेकॅनिक पाठवून, बिघाड 24 तासांत दूर करून अहवाल दिला जाईल,’ या वाक्याच्या तक्त्यात तीन ओळी होतात. तिसरीतच अडचण आहे: अहवाल कोणी द्यायचा, कधीपर्यंत? असा कर्ता नसलेला ‘दिला जाईल’ सापडला, की जबाबदारीचा रकाना अंदाजाने भरू नये. तो रिकामा ठेवावा आणि कंत्राटदाराकडून लेखी खुलासा घ्यावा.

प्रत्येक ओळीत कलमाचा क्रमांक, कर्तव्य, ते कोणाचे, घड्याळ कधी सुरू होते, सेवेची पातळी, पुरावा आणि दंड एवढे असले की पुरते. त्यात एक रकाना मात्र हमखास विसरला जातो. कंत्राटदाराचे हे काम सोसायटीच्या कोणत्या कामावर अवलंबून आहे? दंड बुडतो तो बहुतेक वेळा याच रकान्यात.

एक नमुना घेऊ. समजा, करारात प्रत्येक लिफ्ट महिन्यातला 98 टक्के वेळ चालू राहील अशी हमी आहे. तीस दिवसांचे 720 तास धरले, तर 14 तास 24 मिनिटांची सूट मिळते. पण व्याख्येत फक्त सकाळी 6 ते रात्री 10 हीच सेवेची वेळ असेल, तर महिना 480 तासांचा होतो आणि सूट 9 तास 36 मिनिटांवर येते. म्हणून तक्त्यात नुसते ‘98 टक्के’ लिहून भागत नाही. कोणत्या तासांचे 98 टक्के, तेही लिहायला हवे.

आता लिफ्ट शनिवारी रात्री 9 वाजता बंद पडली आणि मंगळवारी सकाळी 10 वाजता सुरू झाली. रहिवाशांनी सोसले 61 तास. सेवेच्या वेळेतले तास मोजले तर ते 37 भरतात. पण करारानुसार घड्याळ सुरू होते ते ठरलेल्या ईमेलवर तक्रार गेल्यापासून. वॉचमनने शनिवारी मेकॅनिकला फोन केला होता, सचिवांचा ईमेल गेला सोमवारी सकाळी 10 वाजता. हिशेबात उरले 16 तास. सूट वजा जाता जादा 6 तास 24 मिनिटे.

दंड दर पूर्ण तासाला 100 रुपये असेल, तर सोसायटीला 600 रुपये मिळतील. ईमेल शनिवारीच गेला असता, तर जादा पूर्ण तास 27 झाले असते, म्हणजे 2,700 रुपये. तेही सगळे हाती आले नसते. मासिक शुल्क 12,000 रुपये आणि दंडाची मर्यादा त्याच्या 10 टक्के असेल, तर 1,200 रुपयांवर हिशेब थांबतो. दंडाच्या रकान्यात दराशेजारी ही कमाल मर्यादा हवीच. दंड बिलातून आपोआप वजा होतो, की सोसायटीने ठरावीक दिवसांत लेखी मागायचा असतो, हेही तिथेच नोंदवावे. मागायचा असेल, तर ती मागणी सोसायटीच्या नावावरची स्वतंत्र ओळ होते.

दंडाचा आकडा करारात छापला म्हणून तो न्यायालयात जसाच्या तसा मिळेल, असे मात्र धरू नये. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. तक्ता हा करारही नव्हे. दोहोंत फरक पडला तर करारच चालतो, म्हणून प्रत्येक ओळीत मूळ कलमाचा क्रमांक हवा. मुख्य करार आणि परिशिष्ट एकमेकांशी विसंगत असतील, तर कोणाचे वजन जास्त हे सांगणारे कलम आधी शोधावे.

सोसायटीच्या नावावर येणाऱ्या ओळी वेगळ्या काढून सचिव, खजिनदार आणि वॉचमन यांच्यात नावानिशी वाटाव्यात. तक्रारीचा ईमेल पत्ता वॉचमनच्या केबिनमध्ये लावावा. आणि कराराच्या नूतनीकरणाआधी तक्त्यातले रिकामे रकाने कंत्राटदारासमोर ठेवून, ते नव्या करारात भरून घेतल्याशिवाय कमिटीने सही करू नये.