बायबॅकने ईपीएस खरंच वाढतो?

बजाज ऑटोने मार्च 2024 मध्ये 10,000 रुपये दराने 40 लाख शेअर परत विकत घेऊन रद्द केले. खर्च 4,000 कोटी. एकूण शेअर 28.32 कोटींवरून 27.92 कोटींवर आले.

हिस्सेदारीचं गणित सोपं आहे. ज्याच्याकडे 10 टक्के शेअर होते आणि ज्याने एकही दिला नाही, त्याचा वाटा आपोआप सुमारे 10.14 टक्के झाला. एखाद्या घरात 100 शेअर असतील आणि त्यातला एकही विकला नसेल, तर त्यांचाही वाटा त्याच प्रमाणात वाढला. शेअर देणाऱ्यांना रोख पैसे मिळाले; त्यांच्यापैकी बहुतेकांचा वाटा मात्र घटला.

प्रतिशेअर उत्पन्नाचं, म्हणजे ईपीएसचं, तसं नाही. 2023-24 चा स्वतंत्र नफा सुमारे 7,479 कोटी होता. जुन्या संख्येने भागला तर 264 रुपये, नव्या संख्येने 268. बातम्यांमधली वाढ बहुधा अशीच काढलेली असते आणि ती अपुरी आहे, कारण त्या 4,000 कोटींवरचं व्याजही बंद होतं. करानंतर 5 टक्के धरले तर वर्षाला 200 कोटी. नफा 7,279 कोटींवर येतो आणि ईपीएस साधारण 261 रुपये, म्हणजे आधीपेक्षाही कमी!

कारण खरेदीच्या दरात आहे. 264 रुपये कमावणारा शेअर 10,000 ला घेतला, तर परतावा जेमतेम 2.6 टक्के. बायबॅकची घोषणा वाचताना हा आकडा कंपनीच्या रोकडीवरच्या करानंतरच्या व्याजदराशी आधी ताडून पाहावा.