बीपीची गोळी फॉर्ममध्ये लिहिली नाही, म्हणून क्लेम नाकारला. आता काय करता येतं?

बिल ४ लाख २० हजारांचं. पॉलिसी चार वर्षं जुनी, एकही हप्ता चुकलेला नाही. तरीही विमा कंपनीचं पत्र येतं: ‘प्रपोजल फॉर्ममध्ये पूर्वीपासून असलेल्या आजाराची माहिती दिली नाही, त्यामुळे दावा नामंजूर.’

आरोग्य विम्यात क्लेम नाकारण्याच्या कारणांमध्ये हे कारण वारंवार दिसतं. पण असं पत्र आलं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. हा निर्णय कुठल्या कागदांवर झाला, तो कधी टिकतो आणि कधी टिकत नाही, हे एका उदाहरणातून समजून घेऊया.

समजा, करी रोडचं एक कुटुंब

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण यातल्या अडचणी नेहमीच्याच. करी रोडला राहणाऱ्या ५२ वर्षांच्या एका गृहस्थांनी जून २०२१मध्ये ५ लाखांची मेडिक्लेम पॉलिसी घेतली. फॉर्म एजंटने भरला. ‘उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का?’ या प्रश्नासमोर ‘नाही’ अशी खूण झाली आणि खाली सही झाली. जून २०२४मध्ये त्यांनी विम्याची रक्कम १० लाख केली.

ऑगस्ट २०२५मध्ये छातीत दुखू लागलं आणि अँजिओप्लास्टी झाली. दाखल करताना निवासी डॉक्टरने नेहमीप्रमाणे हिस्टरी विचारली. घाबरलेल्या मुलाने सांगितलं, ‘बीपीची गोळी आहे, झाली असतील चार-पाच वर्षं.’ केस पेपरवर ओळ उमटली: ‘के/सी/ओ एचटीएन, ५ वर्षं’. म्हणजे पाच वर्षांपासून उच्च रक्तदाबाचा ज्ञात रुग्ण.

क्लेम तपासणाऱ्याने सरळ हिशोब केला. ऑगस्ट २०२५मधून पाच वर्षं वजा केली तर ऑगस्ट २०२०. पॉलिसी त्यानंतर दहा महिन्यांनी घेतलेली. फॉर्मवर मात्र ‘नाही’. क्लेम नाकारायला कंपनीला एवढं पुरतं.

कंपनीला कळतं कसं?

बहुतेक वेळा पुरावा रुग्णालयातूनच येतो. डिस्चार्ज कार्ड, आत दाखल असतानाचे केस पेपर, नर्सिंग चार्ट आणि पहिल्या डॉक्टरची चिठ्ठी कंपनी मागवते. शंका आली तर तपासनीस घरी येतो, नेहमीच्या डॉक्टरकडे आणि मेडिकलवाल्याकडे चौकशी करतो. त्याला हवी असते एकच गोष्ट: पॉलिसीच्या आधीच्या तारखेचा कागद.

म्हणून नकाराचं पत्र आल्यावर पहिला प्रश्न हा विचारायचा की कंपनीकडे असा जुना कागद आहे, की फक्त दाखल होताना सांगितलेला एक अंदाज आहे?

सांगितलं असतं तर?

अनेकांना वाटतं, बीपी लिहिलं तर क्लेम कधीच मिळणार नाही. एजंटही कधी कधी ‘कशाला लिहिताय’ म्हणतो. नियम वेगळं सांगतात. आधीपासूनचा आजार जाहीर केला, तर त्यासाठी प्रतीक्षा काळ लागतो आणि २०२४च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. प्रीमियम थोडा वाढू शकतो, क्वचित कंपनी पॉलिसीच नाकारू शकते.

आपल्या उदाहरणात पॉलिसीला ५० महिने झाले होते. म्हणजे बीपी लिहिलं असतं आणि पॉलिसी मिळाली असती, तर ३६ महिन्यांचा काळ आधीच संपला असता आणि बीपीमुळे क्लेम अडला नसता. लपवल्यामुळे मात्र क्लेम गेला आणि पॉलिसीही रद्द होण्याच्या मार्गावर आली.

इथे दोन वेगळे नकार ओळखायला हवेत. ‘प्रतीक्षा काळ पूर्ण नाही’ हा एक आणि ‘माहिती दडवली’ हा दुसरा. पहिल्यात पॉलिसी चालू राहते, दुसऱ्यात पॉलिसीवरच संकट येतं. पत्रात कोणतं कलम दिलंय ते आधी पाहा.

कोर्ट काय म्हणतं?

विमा हा परस्पर विश्वासाचा करार मानला जातो. ग्राहकाला जे माहीत आहे आणि ज्यामुळे कंपनीचा निर्णय बदलू शकतो, ते सांगणं त्याचं कर्तव्य असतं. सतवंत कौर संधू विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००९मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तिथे विमेदाराला अनेक वर्षांचा मधुमेह आणि किडनीचा गंभीर विकार होता आणि मेडिक्लेमच्या फॉर्ममध्ये त्याचा उल्लेख नव्हता. इतकी मोठी गोष्ट विमेदाराला माहीत होती, म्हणून ती सांगायलाच हवी होती, असं कोर्टाने ठरवलं.

उलट बाजूचा निकाल आहे मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स, डिसेंबर २०२१चा. नंदा यांनी अमेरिकेच्या प्रवासासाठी परदेश मेडिक्लेम घेतला होता. तिथे पोहोचल्यावर हृदयविकाराचा झटका आला. मधुमेह आणि कोलेस्टेरॉलचा मुद्दा काढून कंपनीने खर्च नाकारला. पण मधुमेहाची माहिती कंपनीला आधीच होती आणि पॉलिसीपूर्वी वैद्यकीय तपासणीही झाली होती. ग्राहकाची प्रकृती तपासून पॉलिसी दिल्यावर, त्याने जाहीर केलेल्या त्याच आजाराचं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, असं कोर्टाने सांगितलं.

‘आजाराचा आणि उपचाराचा संबंधच नाही’ हा युक्तिवाद चालतो का? मोतेगावकर विरुद्ध एलआयसी या २०१५च्या खटल्यात तो चालला. विमेदाराचा मृत्यू हृदयविकाराने झाला होता आणि फॉर्ममध्ये न सांगितलेला त्रास कमरेच्या मणक्याचा होता. सुप्रीम कोर्टाने एलआयसीचा नकार चुकीचा ठरवला. पण हा आयुर्विम्याचा खटला होता. शिवाय बीपी आणि हृदयविकार यांचं नातं जवळचं आहे. त्यामुळे आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाला या निकालाचा फारसा आधार मिळणार नाही.

‘फॉर्म एजंटने भरला, मी वाचलाच नाही’ ही सबबही एकटी टिकत नाही. सही केली म्हणजे मजकूर मान्य केला, अशीच भूमिका सुप्रीम कोर्टाने २०१९मध्ये आयुर्विम्याच्या एका प्रकरणात घेतली.

६० महिन्यांचं घड्याळ

सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की त्यानंतर माहिती दिली नाही या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४मध्ये ती पाच वर्षांवर आली. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीत पोर्ट केली असेल, तर आधीची वर्षंही मोजली जातात.

आपल्या उदाहरणात ५० महिनेच झाले होते, म्हणून हे कवच मिळत नाही. हीच अँजिओप्लास्टी ऑगस्ट २०२६मध्ये झाली असती तर ६२ महिने भरले असते. तरीही संरक्षण फक्त मूळ ५ लाखांना मिळालं असतं. जून २०२४मध्ये वाढवलेल्या ५ लाखांचं घड्याळ तेव्हापासून नव्याने सुरू झालेलं असतं.

मग या कुटुंबाने काय करायचं?

आधी कागद गोळा करायचे. कंपनीकडून सही केलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत, पॉलिसीपूर्व तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल, आणि पॉलिसी फोनवर विकली असेल तर त्या कॉलचं रेकॉर्डिंग लेखी मागायचं. नकाराच्या पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम हवं. शिवाय कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. ती मंजुरी घेतली होती का, हेही विचारायचं.

मग तारीख तपासायची. समजा, नेहमीच्या डॉक्टरच्या नोंदीत पहिली गोळी फेब्रुवारी २०२२ची निघाली, तर आजार पॉलिसीनंतरचा आहे आणि ‘पाच वर्षं’ हा मुलाचा अंदाज होता. त्यासाठी पहिली चिठ्ठी, औषधांची बिलं आणि आधीच्या वर्षांतल्या हेल्थ चेकअपमधलं नॉर्मल बीपी उपयोगी पडतं. ज्या डॉक्टरने हिस्टरी लिहिली, त्याच्याकडून ‘ही माहिती नातेवाइकाने अंदाजाने दिली होती’ असं लेटरहेडवर घ्यायचं. माहिती दडवली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते, त्यामुळे अशा कागदांसमोर तिचा एकओळी पुरावा कमजोर पडतो. पण गोळी खरंच २०२०पासून सुरू असेल, तर खोटा दाखला आणायला जाऊ नये. त्यातून ‘माहिती दिली नाही’चं रूपांतर ‘फसवणूक’मध्ये होतं.

यानंतरच्या पायऱ्या अशा:

१. कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. कागद जोडून ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. पॉलिसी रद्द करू नये, ही मागणीही त्यातच लिहा, कारण फॅमिली फ्लोटर असेल तर बायको-मुलांचं कवचही जातं. तीच तक्रार विमा नियामकाच्या bimabharosa.irdai.gov.in या पोर्टलवर नोंदवता येते.

२. विमा लोकपाल. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर लोकपालाकडे जाता येतं. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला, एस. व्ही. रोडवर जीवन सेवा अ‍ॅनेक्समध्ये आहे. तक्रार cioins.co.in वरूनही करता येते. फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे इथे चालतात. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, ग्राहकावर नाही.

३. ग्राहक आयोग. क्लेम नाकारल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार करता येते. आयोगाची मर्यादा आणि फी बिलावर नाही, तर भरलेल्या प्रीमियमवर ठरते. ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे. तक्रार e-jagriti.gov.in वर ऑनलाइन दाखल होते. आयोगात प्रकरण सुरू असताना लोकपाल तेच प्रकरण घेत नाही, म्हणून आधी लोकपाल आणि नंतर आयोग हा क्रम सोयीचा.

ज्यांचा क्लेम अजून आलेला नाही

पॉलिसीसोबत आलेली प्रपोजल फॉर्मची प्रत आज उघडून पाहा. चालू असलेली एखादी गोळी किंवा जुनं ऑपरेशन राहून गेलं असेल, तर नूतनीकरणाची वाट न पाहता कंपनीला ईमेलने कळवा आणि पोच जपून ठेवा. कंपनी प्रीमियम वाढवेल, प्रतीक्षा काळ लावेल किंवा कव्हर पुढे चालू ठेवायचं का याचाही फेरविचार करेल. पण हा प्रश्न रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर सुटण्यापेक्षा आत्ता सुटलेला बरा. आणि रुग्णालयात हिस्टरी सांगताना वर्षं अंदाजाने सांगू नका. माहीत नसेल तर ‘नक्की माहीत नाही’ असंच लिहायला सांगा.